वगळलेली रेषा

ब्रेलच्या पुस्तकात बावन्नाव्या पानावर एकच ओळ आहे: ‘येथील जगाचा नकाशा वगळला आहे.’ डोळस मुलांच्या पुस्तकात त्या जागी अख्खं जग रंगवलंय, मधोमध पॅसिफिकमधून वाररेषेची लाल नागमोडी. बिश्केकच्या अंधशाळेतल्या मुलांच्या वाट्याला नुसती माफी. आणि प्रश्न मात्र जसेच्या तसे: ‘नकाशा पाहून सांगा.’ काय कपाळ पाहणार?

भूगोलाच्या बाई, सालकिन एजे म्हणजे सालकिनताई, यांनी या ओळीवर राग राग करण्यात दोन-तीन वर्षं घालवली, मग स्वतःच वाट काढली. नकाशा नको, दोन रेखांश द्या. पंधरा अंशांना एक तास. एक ठिकाण पूर्वेला, दुसरं पश्चिमेला असेल तर अंशांची बेरीज, एकाच बाजूला असतील तर वजाबाकी. आणि वर एक नियम, जो त्यांनी मुलांच्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकला होता: गणित दोन्ही वाटांनी करायचं. एकदा ग्रिनिचवरून, एकदा पॅसिफिकवरून. दोन्ही उत्तरं जुळली पाहिजेत. नाही जुळली तर समजायचं, पॅसिफिकवरून जाताना वाररेषेवर तारीख बदलायला विसरलात.

“डोळस लोक हमखास विसरतात,” त्या म्हणायच्या. “त्यांना नकाशात जवळची वाट दिसते, आणि ते पळत सुटतात.”

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत, बेर्मेत वर्गात एकटीच येऊन पहिल्या बाकावर बसली. दहावीतली मुलगी, उंच, तोंडाची फटकळ. बाप गेल्यापासून तिचं तोंड बंद होतं. बाप बेरिंगच्या समुद्रात परक्या मासेमारी जहाजावर कामाला होता. शवपेटी विमानानं आली, गावाकडं दफन झालं. आता सगळे चाळिसाव्या दिवसाच्या विधीच्या तयारीला लागले होते.

“एजे, एक गणित आहे.”

“सुट्टीत? डोकं ठिकाणावर आहे ना?”

“चाळिसावा कधी धरायचा ते ठरवायचंय. काका, आमचे तोलोगोन बाइके, बारा तारखेपासून मोजतायत. पण बारा तारीख जहाजावरची. आपली कुठली?”

सालकिन एजेंनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला. चाळिसावा हे निमित्त होतं हे त्यांना लगेच कळलं. तेरा फेब्रुवारीच्या त्या दुपारी त्या याच खुर्चीवर होत्या. शाळेचा नियम असा, की तासाला सगळ्यांचे फोन एजेंच्या टेबलाच्या खणात. आणि या मुलांचे फोन नुसते वाजत नाहीत, कोणाचा आहे ते बोलून सांगतात. बरोबर बारा वाजता खणातून तो पत्र्यासारखा आवाज आला: ‘पापा. पापा. पापा.’ पोरं खिदळली. बेर्मेत उठली होती. एजे म्हणाल्या होत्या, “बस खाली. घंटा झाली की कर. पापा कुठं पळून जातो?”

घंटा झाल्यावर तिनं केला. पलीकडं कोणी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी हेच काका बातमी घेऊन आले आणि म्हणाले, तो फोन बापाचा नव्हताच, बाप बारालाच गेला होता, जहाजावरच्या कोणीतरी कळवायला केला असेल. नंबर जहाजाचा होता, बेर्मेतनं ‘पापा’ म्हणून साठवलेला, त्यामुळे ते पटण्यासारखंही होतं. सालकिन एजेंनी त्या बोलण्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. त्याच्या बळावर रात्री झोप लागायची.

“वेळ माहीत आहे?” त्यांनी विचारलं.

“पेटीबरोबर त्याचा जहाजावरचा सोबती आला होता, नारिन गावचा. तो म्हणाला, बारा तारखेला रात्री दहा, जहाजाच्या घड्याळात. घड्याळ एकशे पासष्ट पश्चिमेला लावलेलं.”

आपलं घड्याळ नव्वद पूर्वेचं. एजेंना पेन लागलं नाही. उत्तर डोक्यात येऊन उभंच राहिलं.

“अगं, सोपं आहे,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा ठेवला, आणि स्वतःचीच किळस वाटली. “नव्वद पूर्वेवरून तशीच पूर्वेला निघ. एकशे ऐंशीपर्यंत नव्वद अंश, पुढं एकशे पासष्ट पश्चिमेपर्यंत पंधरा. एकशे पाच. किती तास?”

“सात.”

“जहाज पूर्वेला, म्हणजे सात तास पुढं. तिथं रात्रीचे दहा, तर आपल्याकडं दुपारचे तीन. बारा तारीख. बाइकेंचं बरोबर आहे.”

बेर्मेतनं श्वास सोडला. खांदे खाली आले. “म्हणजे तेराला बारा वाजता...”

“तो नव्हता गं. केव्हाच गेला होता.”

एवढ्यावर ती उठून गेली असती तर! पण शिकवलं होतं ना, चांगलं घट्ट शिकवलं होतं. बेर्मेतची बोटं बाकावर हलायला लागली. सालकिन एजे त्या बोटांकडं बघत राहिल्या. थांब म्हणायला काही कारण सापडेना.

“दुसऱ्या वाटेनं,” ती पुटपुटली. “ग्रिनिचवरून. नव्वद आणि एकशे पासष्ट, दोनशे पंचावन्न. सतरा तास. जहाज पश्चिमेला, म्हणजे मागं. रात्रीच्या दहात सतरा मिळवायचे...” बोटं थांबली. “दुपारचे तीन. तेरा तारीख.”

बाहेर पोरांचा गलका चालला होता. कोणीतरी गरम तळलेले बोरसोक आणले होते, त्याचा वास दारातून आत येत होता.

“एजे, जुळत नाही.”

“हं.”

“वाटा दोन आणि उत्तरं दोन. एक दिवसाचा फरक.” ती हळू बोलत होती, वर्गात उत्तर द्यावं तसं. “तुम्ही वाररेषा ओलांडलीत आणि दिवस मागं घेतला नाहीत.”

“विसरले असेन.”

“तुम्ही नाही विसरत.”

पोर आंधळी आहे, आपला चेहरा दिसणार नाही, एवढ्या भरवशावर खोटं बोलायला निघालो होतो, हे सालकिन एजेंच्या मनात आलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आपले बारा म्हणजे जहाजावर आदल्या संध्याकाळचे सात,” बेर्मेत म्हणाली. “दोर तुटून त्याला लागला तो दुपारी. नारिनवाला म्हणाला होता, जहाजावर डॉक्टर नव्हता, दहापर्यंत नुसता पडून होता. मी विचारलं, काही बोलला का? तर तो रडायलाच लागला.” ती थांबली. “त्यानंच फोन मागितला असणार.”

“मी तुला बस म्हटलं,” सालकिन एजे म्हणाल्या. “उठली होतीस तू. मी बसवलं.”

“माहीत आहे. मी होते की इथंच.”

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. एजेंनी हात पुढं केला, तिच्या खांद्यापर्यंत नेला आणि मागं घेतला. कुठल्या तोंडानं ठेवणार?

“परीक्षेत हा प्रश्न आला,” बेर्मेतनं विचारलं, “तर तेरा तारीख, दुपारी तीन, असं लिहिलं की पूर्ण गुण ना?”

“पूर्ण.”

“मग बाइकेंना सांगते, चाळिसावा एक दिवस पुढं धरा.”

घंटा झाली. पोरं भिंतीला हात लावत आत आली, आपापले फोन काढून टेबलाशी रांगेत उभी राहिली. पहिल्या पोरानं खण चाचपला, ओढून पाहिला. खणाला कुलूप होतं, किल्ली एजेंच्या मुठीत.

“एजे, फोन कुठं ठेवायचे?”

“हातात ठेवा,” सालकिन एजे म्हणाल्या. “वाजला की उचला.”