मेलेल्या मशीनवरचा चहा

कर्जाची पाहणी करायला आलेल्या बँकेच्या साहेबांनी चहाचा कप ठेवला तो नेमका मेलेल्या मशीनवर.

त्यात साहेबांची काही चूक नव्हती म्हणा. दोन खोल्यांची दातांच्या कॅपची लॅब ती. एका भिंतीला प्लास्टरच्या जबड्यांची फळी, दुसरीला कॅप भाजायची भट्टी, आणि कोपऱ्यात निळ्या चादरीखाली कमरेएवढं चौकोनी काहीतरी. कुणालाही टेबलच वाटावं. बाईच्या कपाळावर एक आठी चढली आणि तिचा दादा शेजारच्या स्टुलावर चुळबुळला. बहिणीची ती आठी त्याला लहानपणापासून पाठ होती. ती चढली, की घरात भांडं तरी फुटायचं नाही तर अबोला तरी.

"तर ताई, काम झालंय तुमचं," साहेब खूष होते. "कॅप कापायच्या मिलिंग मशीनसाठी वीस लाख मंजूर. सात वर्षं मुदत, हप्ता पस्तीस हजार तीनशे. इथे सही करा, इथे जामीनदार दादांची. आठवड्यात मशीन दारात."

"चार वर्षं," बाई म्हणाली.

"काय?"

"मुदत चार वर्षं पाहिजे. अर्जात तसंच लिहिलं होतं मी. तुम्ही खोडून सात केलंत."

साहेब हसले. हप्ता कमी करा म्हणून पाया पडणारी माणसं त्यांनी रोज पाहिलेली. वाढवा म्हणणारी ही पहिलीच. दादाने मात्र कपाळावर हात मारला.

"बये, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? चार वर्षांत हप्ता बावन्न हजार सातशे होतो! थकला की फोन तुला नाही येत, मला येतो. मागच्या वेळी जेवत्या ताटावरून उठवलंय मला त्यांनी. अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसाने."

"तेच तर करतेय, दादा. अंथरूण चार वर्षांचं आहे. त्याच्यावर सात वर्षांचे पाय कसे पसरू?"

मग ती उठली, साहेबांचा कप उचलून त्यांच्या हातात दिला आणि चादर ओढली.

खाली मशीन होतं. काचेचं दार, आत गंजलेला पट्टा, धूळ. कधीकाळी पांढरंशुभ्र असलेलं, आता पिवळट.

"हे टेबल, साहेब. याचा शेवटचा हप्ता मी मागच्या महिन्यात भरला. तुमच्याच बँकेत, तुमच्या आधीच्या साहेबांनी दिलेलं कर्ज. सात वर्षं मुदत. हप्ता कमी, डोक्याला ताप कमी, असं म्हणाले होते. आणि आम्ही दोघं नवरा-बायको इतकी शहाणी, की हप्ता खोलीच्या भाड्याएवढा आला म्हणून पेढा मिळाल्यासारखी नाचलो. मशीन किती वर्षं चालणार, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"बंद कधी पडलं?"

"भिंत बघा."

मशीनमागच्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. चार उभ्या, एक आडवी, पुन्हा चार उभ्या. तिच्या नवऱ्याची सवय ती. एक कॅप कापून झाली, की एक रेघ. वर्ष संपलं, की खाली बेरीज आणि तिच्याखाली जाड लाईन. पहिल्या वर्षी चौदाशे. दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी पंधरा-पंधराशे. चौथ्या वर्षी अकराशे, कारण कापणारी मोटर दोनदा गेली. पाचव्या वर्षी तीनशे रेघा, आणि पुढे कोरी भिंत. कंपनीने त्या मशीनचे सुटे भाग बनवणंच बंद केलं होतं.

साहेब वाकून बघत राहिले. चहा निवला.

"कोरी भिंत दिसते ना? त्या कोऱ्या भिंतीचे हप्ते अडीच वर्षं भरलेत आम्ही," बाईचा आवाज चढला. "कुठून भरले, विचारा. माझा नवरा, ज्याच्या हातची कॅप खऱ्या दाताशेजारी ओळखू येत नाही, तो दोन वर्षं लॅबवाल्यांना कॅप कापून देणाऱ्या एका मोठ्या मिलिंग सेंटरमध्ये पगारावर मशीन चालवतोय. आणि आमचं मशीन मेलं म्हणून माझी कामंही त्याच सेंटरला जातात. म्हणजे माझ्याच नवऱ्याने कापलेली कॅप मी सातशे देऊन विकत घेते! हसायचं की रडायचं, सांगा."

दादा जमिनीकडे बघत होता. एवढं बोलून दाखवलेलं त्यानेही आजच ऐकलं.

साहेब माणूस वाईट नव्हते, पण कागदाला धरून चालणारे. त्यांनी घसा खाकरला. "ताई, मला कळतं. पण लॅबची महिन्याची शिल्लक शेहेचाळीस हजार. नियम असा, की शिल्लक हप्त्याच्या निदान सव्वापट हवी. सात वर्षांच्या हप्त्याला ती बसते. सहा वर्षांनाही बसत नाही, चार तर सोडाच. मी तुमच्या सोयीसाठीच केलं."

"ही शिल्लक कशी काढलीत?"

"मागच्या वर्षीच्या हिशोबावरून."

"त्यात सेंटरला दिलेले पैसे खर्चात धरलेत ना?"

"अर्थात."

"आणि नवं मशीन आल्यावर मी सेंटरला काय देणार? कप्पाळ?" तिने फळीवरची फाईल काढून त्यांच्या मांडीवर आपटली. "ही सेंटरची बारा महिन्यांची बिलं. महिन्याला सरासरी एकशेचाळीस कॅप, प्रत्येकी सातशे. घरी कापली तर ज्यातून कॅप निघते ती चकती, कापायची पाती, वीज धरून दोनशे साठ. हे कोटेशन, मोजून बघा. एका कॅपमागे चारशे चाळीस वाचतात. महिन्याचे एकसष्ट हजार सहाशे. देखभालीचे पाच हजार काढा. राहिले छप्पन्न हजार सहाशे. साहेब, मशीन आणतेय मी ते कमवायला. तुम्ही त्याची कमाई शून्य धरलीत. असं हिशोबात धरलंत, की जणू मी ते शोभेला ठेवणार!"

साहेबांनी कॅल्क्युलेटर काढला. एकदा केलं, दुसऱ्यांदा केलं. शेहेचाळीस अधिक छप्पन्न सहाशे.

"एक लाख दोन हजार सहाशे," ते हळूच म्हणाले. मग मान वर करून, "पण मशीन चालवायला माणूस?"

"नवरा परत येणार. त्याचा तीस हजार पगार थांबेल, तो वजा करा. तेवढा घरखर्च लॅबमधून जाईल. बहात्तर हजार सहाशे उरले. तुमच्या बावन्न सातशेची सव्वापट किती?"

"सहासष्ट हजाराला थोडे कमी."

"मग बसतं की नाही?"

बसत होतं. साहेबांनाही ते दिसत होतं, पण त्यांनी अजून एक शंका काढली, आणि ती खरी होती. "यातली तिसरा हिस्सा कामं एकाच डॉक्टरांची आहेत. त्या गेल्या तर?"

बाईचं दुखणं तेच होतं. त्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की पेशंट आठवडा आठवडा थांबत नाहीत, पुढच्या एक तारखेपासून तीन दिवसांत कॅप पाहिजे, नाहीतर दुसरी लॅब. एक तारखेला नऊ दिवस उरले होते. आज सही केली तर मशीन वेळेत. मुदत बदलायची तर प्रस्ताव पुन्हा वर जाणार, म्हणजे दोन आठवडे तरी गेलेच.

"त्या गेल्या तर नवरा नोकरी सोडणार नाही, मी एकटी मशीन चालवीन. पोटाला चिमटा बसेल, पण हप्ता निघेल. मशीन चालतंय तोवर पोटाला चिमटा काढायला मी तयार आहे. मेलेल्या मशीनसाठी नाही."

"अगं, पण आज सही कर, नंतर जमेल तसे जास्तीचे भर की!" दादा कळवळला.

"नंतर कोण भरतं, दादा? मागच्या वेळी भरले? पहिली तीन वर्षं मशीन धो धो कमवत होतं, तेव्हा आपण खोलीला रंग दिला आणि नवी खुर्ची घेतली. हातात राहिलेला पैसा हातात राहत नाही. आणि सात वर्षांत व्याजच साडेनऊ लाखांच्या वर जातं. चार वर्षांत सव्वापाच. वरचे सव्वाचार लाख कुणाच्या बापाचे?"

तिने फोन उचलला आणि सगळ्यांसमोर डॉक्टरीणबाईंना लावला. थापा मारायचा तिचा स्वभावच नव्हता. मशीन एक तारखेला येत नाही, पंधरा तारखेला येईल, का उशीर झाला तेही सांगितलं.

"मधल्या पंधरा दिवसांची कामं मी दुसरीकडे देणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सोळाव्या दिवशी तुमची वाट बघेन. सतराव्या नाही."

"चालेल," बाई म्हणाली. फोन ठेवून तिने हात ॲप्रनला पुसला. पंधरा दिवसांची वीस-बावीस कामं गेली होती. जाऊ देत.

मग ती साहेबांकडे वळली. "बँकेचा नियम काय म्हणतो? मशीनला सात वर्षं, की सात वर्षांपर्यंत?"

"...पर्यंत."

"मग लिहा चार. कंपनीने सुटे भाग पाच वर्षं देऊ म्हणून लिहून दिलंय, ते पत्र फाईलीत मागे आहे. एवढे दिवस कुणी मागितलं नाही म्हणून दाखवलं नाही."

साहेबांनी पत्र वाचलं. मंजुरीचा कागद त्यांनी घडी करून बॅगेत टाकला आणि कोरा अर्ज काढला. "माझे वरचे साहेब विचारतील, की मुदत कमी करून मागणारी कोण ही बाई."

"सांगा, भिंत बघायला या."

अर्ज भरायला जागा हवी होती. भट्टीपाशी गरम होतं, फळीवर जबडे होते. शेवटी बाईने तो मेलेल्या मशीनवरच पसरला. 'मुदत' या रकान्यात तिने स्वतःच्या हाताने चार लिहिलं, आकड्यातही आणि अक्षरातही. मग पेन दादापुढे धरलं.

दादाने पेन घेतलं, पण लगेच टेकवलं नाही. भिंतीवरच्या तिसऱ्या जाड लाईनीपासून चौथ्या लाईनीपर्यंत त्याची नजर गेली, मग कोऱ्या भागावर आली. "यंदा फोन आला ना बये, तर तुझ्या दारात येऊन बसेन," असं म्हणत त्याने सही ठोकली.

बाराव्या दिवशी मंजुरी आली. चार वर्षं. तिने पहिला फोन सेंटरला लावला आणि नवऱ्याला बोलावून घ्यायला सांगितलं. मागे मशीनचा आवाज घोंघावत होता.

"राजीनामा लिही," ती म्हणाली.

"झालं? हप्ता किती?"

"बावन्न सातशे."

घोंघाट वाढला. "एवढा? जास्त मुदत देत नव्हते का?"

"देत होते. गळ्यात मारत होते. मी नाही घेतली." ती ठासून बोलली. "चार वर्षं बँकेची. पाचव्या वर्षी तू भिंतीवर ज्या रेघा ओढशील ना, त्यातली एकही त्यांची नसेल. सगळ्या आपल्या. त्यातून पुढचं मशीन घेऊ, कुणाला न विचारता."

मागचा घोंघाट एकदम थांबला. त्याने मशीन बंद केलं होतं.

"पेन्सिल आहे ना घरात?" त्याने विचारलं.