डाफिराची गादी

धो-धो पावसाच्या सोहऱ्यात आषाढात ऊन मागणं म्हणजे वेडेपणा. थ्रिलिस रोज चुलीतले निखारे घमेल्यात काढायची, त्यावर बांबूचा सांगाडा पालथा घालायची आणि चादरी, कांबळी आलटून पालटून त्यावर टाकायची. त्यामुळे चुलीजवळचा तिचा जुना बिछाना कधी कुबट झाला नाही.

आतल्या खोलीतली फोमची गादी मात्र धाकट्या लेकीची, डाफिराची. तिथल्या रीतीप्रमाणे घर नि आई धाकट्या लेकीकडे राहतात, पण डाफिरा बंगळूरला नोकरीला लागली आणि घरी राहिली एकटी आई, थ्रिलिस. हिवाळ्यात लेकीने घरी आल्यावर झोपायला ही गादी घेतली, तेव्हा थ्रिलिसने दुकानाचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही. नवी राहायला हवी ना! पलंग भिंतीला टेकवलेला, वर इस्त्रीची चादर.

जुलैत डाफिरा आली, तीही फक्त दोन रात्रींसाठी. पहिल्याच रात्री खोकत खोकत चुलीपाशी आईजवळ येऊन उभी राहिली.

"मेई, त्या गादीला कसला वास मारतोय गं?"

दोघींनी प्लास्टिक फाडलं. आतून घाम फुटावा तसं पाणी सुटलेलं, आणि भिंतीकडच्या कडेला काळे ठिपके. थ्रिलिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या जगाच्या चादरी वाळवल्या, आणि लेकीचीच गादी स्वतःच्या हाताने कुजवली.

"अगं, प्लास्टिकने बाहेरची ओल थांबते, पण आतली कुठून जाणार?" डाफिरा हसून म्हणाली. "जाऊ दे, सरक जरा."

त्या दोन्ही रात्री लेक आईच्या उबदार कांबळ्यात झोपली. डोक्याला डोकं लावून, लहानपणीसारखी तंगडी आईवर टाकून. इतकी गाढ झोप थ्रिलिसला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

लेक गेल्यावर तिने पलंग भिंतीपासून हातभर ओढला. ठिपके सिरक्याने पुसले. गादी उभी करून चुलीपासून लांब ठेवली, कारण फोमला निखाऱ्याची धग सोसत नाही, आणि रोज तिची बाजू बदलली. ऑक्टोबरात आभाळ उघडल्यावर चार दिवस उन्हात टाकली. वास गेला. तिने नाक खुपसून पाहिलं, नुसता उन्हाचा वास. त्या रिकाम्या, कोरड्या गादीकडे ती बराच वेळ बघत बसली.

डिसेंबरात फोन आला. नाताळला येतेय, चार दिवस.

"मेई, गादी वाळली का गं?"

थ्रिलिसने आतल्या खोलीकडे पाहिलं. खिडकीतून गादीवर लख्ख ऊन पडलं होतं.

"नाही गं. अजून दमटच आहे."

डिसेंबरात सोहऱ्यात थेंब पडत नाही, हे लेकीला काय ठाऊक नव्हतं?

"बरं," ती म्हणाली, "मग तुझ्याजवळच झोपते."