दोन फोटोंचं कार्ड

सकाळपासून फोन खणखणत होते. कंपनीच्या वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली होती आणि येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला ‘ही साइट सुरक्षित नाही’ असा इशारा दिसत होता. टीम लीड बाईंचं डोकं फिरलं. प्रमाणपत्र वेळेवर बदलायचं काम त्यांनी लांबू आणि चष्मिस अशा दोघांना दिलं होतं.

“मला वाटलं, लांबू करतोय,” चष्मिस म्हणाली.

“मला वाटलं, हिने केलंय,” लांबू म्हणाला.

“वाटलं, वाटलं! विचारायला काय तोंड शिवलं होतं?” बाई कडाडल्या आणि तावातावाने त्यांनी कामाचं कार्ड स्क्रीनवर उघडलं. ज्याच्याकडे काम, त्याचा फोटो कार्डावर, अशी पद्धत होती.

कार्डावर दोघांचे फोटो शेजारी शेजारी हसत होते. दोघंही रोज ते कार्ड बघायचे आणि दुसऱ्याचा फोटो बघून निर्धास्त व्हायचे. फोटो लावले होते बाईंनीच; एकाला काम दिलं तर दुसऱ्याचं तोंड वाकडं होईल म्हणून! बाईंचा चढलेला आवाज खाली आला.

लांबूने चहा निवायच्या आत प्रमाणपत्र बदललं. एवढंच काम होतं ते. बाईंनी चिडूनच प्रत्येक कार्डावर एकच फोटो ठेवला. बाकीच्यांनी मदत नेमकी कशात करायची, ते खाली लिहिलं.

तेवढ्यात साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. “पुन्हा असं होता कामा नये. तुम्ही आणि शेजारच्या टीमचे लीड, दोघं मिळून बघा.”

“आणि काम नाही झालं, तर झापणार कुणाला?”

“दोघांनाही!”

“मग धरूनच चाला साहेब,” बाई म्हणाल्या, “काम होणार नाही.”