पार्थचं जावळ आणि रॉकेट

या एआयकडून चित्र काढून घेणं म्हणजे नवऱ्याला भाजी आणायला धाडण्यासारखं आहे. नीट सांगितलं नाही की मेथीऐवजी शेपू घरात! नेवाशात माझं पत्रिका-फ्लेक्सचं दुकान आहे, रोज दहा जणांची हौस पुरवते, त्यामुळे बोलायचा हक्क मला आहे. पण त्या दिवशी सकाळपासून मात्र मीच बोलायला घाबरत होते. कारण गोरक्षनाथचा, पार्थच्या बापाचा, फोन.

"एस्तेरताई, मी कारखान्यावर ड्यूटीला हाय. ज्ञानेश्वरी अन आई पार्थच्या वाढदिवसाची पत्रिका करायला येतील. त्यांच्यापुढं दुसऱ्या लेकराचा विषय तेवढा निघू देऊ नका. दोन वर्षांनी बाई पहिल्यांदा हौसेनं घराबाहेर पडलीय."

विषय काय ते गावाला माहीत होतं. ज्ञानेश्वरीला जुळे मुलगे झाले. एक बारशाच्या आधीच गेला. तेव्हापासून ती गप्पच. मागच्या वाढदिवशी तर खोलीचं दार लावून बसली होती. या खेपेला तिनंच नवऱ्याला म्हटलं, रॉकेटवाली पत्रिका करू. म्हणजे आज माझ्या दुकानात एक चुकीचा शब्द गेला, तर बाई पुन्हा त्या खोलीत जाणार. मी म्हटलं, एस्तेर, आज जीभ दाताखाली धर.

दोघी आल्या. रंगुबाई पुढे, सासूबाईंच्या थाटात. मागे ज्ञानेश्वरी, कडेवर पार्थ. पोरगं गुबगुबीत, डोक्यावर कुरळ्या केसांचं जंगल. जावळ अजून काढलेलं नव्हतं. नवसाचं होतं, वाढदिवसालाच देवापुढे काढायचं होतं.

फोटो छान होता, समोरून काढलेला, चेहऱ्यावर उजेड. मी तो एआयवर चढवला आणि खाली लिहिलं: चेहरा अगदी तसाच ठेव, बाळाला अंतराळवीराचा पोशाख घाल, ताऱ्यांमध्ये तरंगताना दाखव, मागे हसरे ग्रह. पत्रिकेतली अक्षरं त्याच्यावर मी कधीच सोडत नाही. आपल्या मराठीच्या काना-मात्रांची तो वाट लावतो. ती मी नंतर हातानं बसवते.

चित्र आलं. पार्थ चांदण्यांत तरंगतोय, डोक्याभोवती गोल काच, तिच्यावर उजेड. मला गोड वाटलं. रंगुबाईंनी मात्र कपाळाला हात लावला.

"अगं ए पोरी! हे काय केलंस? लेकरू आभाळात, डोक्यामागं उजेड... चौकातल्या श्रद्धांजलीच्या बोर्डावर असतंय तसं! आमच्या पोराला जित्तेपनी वर धाडतीस व्हय?"

 ज्ञानेश्वरीनं पार्थला छातीशी जरा जास्तच आवळलं. पोरगं कुरकुरलं.

"बदलते आजी, आत्ता बदलते," मी म्हटलं. "तरंगणं नको. चंद्रावर पाय टेकवून उभा करू. शेजारी रॉकेट, हातात झेंडा. चालेल?"

"पाय टेकलेलं पायजे," रंगुबाई म्हणाल्या. "अन सपनातसुद्धा उडाय नको."

दुसरं चित्र आलं. पार्थ चंद्रावर ठाम उभा, रॉकेट लालभडक. ज्ञानेश्वरी पहिल्यांदा हसली. "किती ऐटीत उभा हाय, बघा ना," असं म्हणाली. तिचं हसू बघून माझा जीव भांड्यात पडतोय, तोच रंगुबाई खुर्चीतून उठल्या. चित्रात पार्थचे केस बारीक, चापूनचोपून बसवलेले. एक गोष्ट दुरुस्त करायला सांगितली की हा पठ्ठ्या दुसरी बिघडवून ठेवतो.

"जावळ कुठं गेलं? देवाच्या आधी कुनी काढलं? पाव्हनं म्हनतील नवस मोडला!"

"आजी, लिहिते ना," मी म्हटलं आणि घाईघाईत, आपल्या बोलीत, जसं तोंडात आलं तसं टंकलं: बाळाचं जावळं तसंच दिसू दे, काढू नकोस.

टिंब एकच जास्त. घाईत बोट पडलं आणि मी पाठवूनही दिलं. चित्र तयार व्हायला थोडा वेळ लागतो. त्या वेळात मला आठवलं की आमच्याकडे जावळं म्हणजे जुळी पण! देवबापा! माऊस पकडेपर्यंत पडद्यावर चित्र उतरायला लागलं होतं, आणि पडदा गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून मीच त्यांच्याकडे फिरवून ठेवलेला.

चंद्रावर दोन पार्थ उभे होते. दोन्ही डोक्यांवर कुरळं जंगल, दोघांचे हात एकाच झेंड्यावर.

 यंत्राच्या मनात काय आलं देव जाणे; ते माझा शब्द जुळी असा समजलं असेल, नाहीतर असंच दुसरं पोर काढून बसलं असेल. पण ज्ञानेश्वरीच्या तोंडावरचा रंग उतरताना मी बघितला, आणि मला धरणी फाटावी असं झालं.

"पूस!" रंगुबाई ओरडल्या. "आदी पूस ते! सूनबाई, तू तिकडं बघू नगंस."

"थांबा," ज्ञानेश्वरी म्हणाली.

तिनं पार्थला टेबलावर बसवलं आणि पडद्याजवळ गेली. सासूनं तिचा दंड धरला, तो तिनं सोडवून घेतला. दुसऱ्या पोराच्या चेहऱ्याकडे ती इतका वेळ बघत राहिली की मला तिच्याकडे बघवेना.

"एस्तेरताई, यानं हा चेहरा कुठून आनला?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. नाही बोलले. "पार्थच्याच फोटोवरून, ज्ञानेश्वरी. त्याला दुसरं काहीच माहीत नाही. एकाचेच दोन केले. चूक माझी आहे. मी घाईत जावळं लिहिलं."

तिनं मान हलवली. मी रडण्याची वाट बघत होते. रंगुबाईंनी तर पदर हातात घेऊनच ठेवला होता.

"पुसून टाका," ती म्हणाली. आवाज साफ होता. "हा माझा न्हाई. माझा सावळा हुता. नाक बसकं. पार्थसारखा न्हवताच मुळी. अन असा शांत हुबा राहनारा तर न्हाईच, दवाखान्यात काचंच्या पेटीत ठेवला तरी पाय झाडायचा."

दोन वर्षांत त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं एवढं ती एका दमात बोलली. मी चित्र पुसलं. दोनदा भलतीकडेच बोट पडलं. टेबलावरचा पार्थ माझा स्टेपलर चाटत होता, तो मी काढून घेतला.

रंगुबाई मटकन खुर्चीत बसल्या. आता सुनेवर तोफ डागणार असं मला वाटलं. बाई पदराचं टोक चुरगाळायला लागल्या.

"कानावर लव हुती त्याच्या," त्या म्हणाल्या. "काळी. मी बघितली हुती काचंतून."

ज्ञानेश्वरी वळली. "तुमी बघितलं हुतं?"

"मंग? माझा नातू न्हवं का!" म्हातारीचा आवाज चिरकला. "मीच समद्यांना दम भरला हुता, त्याचं नाव काढू नका म्हनून. नाव कुठलं काढनार, बारसंच झालं न्हाई..." त्यांनी सुनेचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. "काय ठिवनार हुतीस गं?"

"ओम," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"ओम," रंगुबाई म्हणाल्या, आणि दोघी माझ्या दुकानात, भर गिऱ्हाइकीच्या वेळी, एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.