दोन थर खाली

मिस्त्रींच्या पोटात दुखायला जगात एकच माणूस पुरेसा होता, आणि तो नेमका त्यांचा साडू निघाला. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. धंद्याने सुतार, बोलायला गोड, हाताला सफाई. दोघं बरोबर सासुरवाडीला गेले की सासूबाई मिस्त्रींना म्हणायच्या, "या, बसा," आणि सुताराला म्हणायच्या, "किती वाळलात हो." मिस्त्री तीस वर्षं उन्हात विटा रचून काळे ठिक्कर पडले होते, पण त्यांना वाळलात असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायला काय जातं?

आणि आता डॉक्टरबाईंच्या शेतघराचं काम दोघांना मिळून आलं होतं. भिंती मिस्त्रींच्या, लाकूडकाम आणि छप्पर सुताराचं.

बाई दातांच्या डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावून कंटाळायच्या, म्हणून शनिवार-रविवार शेतावर येऊन राहायचं ठरवलं होतं. शेतजमीन, त्यामुळे नियमाने मिळालं तेवढंच बांधायचं: एक मजला, दोन खोल्या, कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा, मागे न्हाणीघर आणि पुढे पश्चिमेला लांबच्या लांब व्हरांडा. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मिस्त्री, शनिवारी मी कुलूप काढणार आणि बसणार. दरवर्षी रंग लावा, पॉलिश मारा, छताचे पोपडे काढा, हे असलं मला नको. जे आहे ते तसंच दिसू दे."

म्हणजे प्लास्टर नाही. भाजलेली वीट उघडीच, फक्त सांध्यांत सिमेंटचा दर्जा भरायचा. खाली खरखरीत फरशी, वर कौलं. खांब लाकडाचे, पण वाळवी लागू नये म्हणून दगडी उशांवर उभे केलेले.

मिस्त्री आधी हिरमुसले, कारण प्लास्टर हा त्यांचा हातखंडा होता. मग त्यांना वाटलं, बरंच झालं. प्लास्टरखाली कुणाचीही वाकडी वीट झाकते, उघड्या भिंतीत झाकायला जागा नाही. त्यांनी एकेक वीट वाजवून घेतली, तुटक्या कोपऱ्याची बाजूला टाकली, दर तीन थरांना ओळंबा लावला. अशी भिंत त्यांनी जन्मात बांधली नव्हती, आणि ती बघायला येणार होता बाईंचा धाकटा भाऊ.

या भावाची शेजारीच जमीन होती. त्यालाही असंच घर बांधायचं होतं, आणि त्याने स्पष्ट सांगितलं होतं की ताईचं घर पुरं झालं की तो येणार, बघणार, आणि दोघांपैकी ज्याचं काम मनात भरेल त्याच्या हाती आपलं अख्खं घर सोपवणार. म्हणजे दुसऱ्याने त्याच्या हाताखाली. मिस्त्रींनी हे ऐकलं तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र: साडू हातात नकाशा धरून उभा, आणि आपण विचारतोय, "साडूबुवा, वीट कुठून सुरू करू?" त्यापेक्षा घमेली वाहिलेली बरी.

भिंती उभ्या राहिल्या. कामावर कुणी ना कुणी येई. बाईंचे यजमान आले, बाईंच्या दवाखान्यातली नर्स आली, शेजारचा शेतकरी आला. आणि प्रत्येकाने विचारलं, "व्हरांडा कसा होणार?"

अजून जो बांधलाही नाही त्या व्हरांड्याबद्दल. समोर एवढी भिंत उभी आहे, साबणाच्या वडीसारख्या धारा आहेत कोपऱ्याला, तिच्याकडे पाठ करून लोक विचारतायत व्हरांडा. सुतार आपला हसून सांगायचा, इथे बाक येईल, इथे खांब. नर्स म्हणाली, "मजा तर व्हरांड्यातच असते नाही? भिंती काय, सगळ्या सारख्याच." मिस्त्रींना त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

व्हरांड्याचं छप्पर घराच्या भिंतीवर टेकायचं होतं. त्यासाठी भिंतीतून विटांचा एक थर पुढे काढायचा, त्यावर आडवं लाकूड बसणार, त्यावर वासे. हा थर ठरला होता फरशीपासून दहा फुटांवर. तिथून उतार पुढे येऊन खांबांपाशी सात फुटांची उंची मिळणार होती. उतार कमी करता येत नाही, केला तर कौलांचं पाणी उलटं आत शिरतं. म्हणजे मागचा थर खाली गेला की पुढचं सगळंच तेवढं खाली येणार.

मिस्त्रींनी तो थर दोन विटा खाली काढला.

हात चुकला असं ते मनाला सांगत होते, पण तीस वर्षांत त्यांचा हात कधी चुकला नव्हता. दोन थर म्हणजे सांध्यांसकट सात इंच. कुणाचं डोकं फुटणार नव्हतं. फक्त व्हरांडा ठेंगणा होणार होता, उभं राहिलं की मान खाली घालावीशी वाटणार होती, आणि बाईंचा तो उंच भाऊ आत शिरताना म्हणणार होता, हे काय केलंय सुताराने? बस्स, एवढंच त्यांना हवं होतं. दर्जा भरताना त्यांच्या तोंडून शीळ निघाली.

दुसऱ्या आठवड्यात सुतार खांब घेऊन आला. त्याने टेप लावला. पुन्हा लावला. मग बराच वेळ त्या थराकडे बघत उभा राहिला. मिस्त्री वाळू चाळत होते, चाळलेलीच वाळू परत चाळत होते. सुतार आता बोंब मारणार, बाईंना फोन करणार, आणि आपण म्हणणार, "असेल बुवा, नजरचूक," अशी सगळी तयारी त्यांनी करून ठेवली होती.

"साडूभाऊ," सुतार म्हणाला, "पाणी आहे का प्यायला?"

पाणी प्यायला आणि कामाला लागला. चार दिवसांनी व्हरांडा उभा राहिला, ठेंगणाच. मिस्त्रींना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. गडी बावळट निघाला, त्याला कळलंसुद्धा नाही.

घर पुरं झाल्यावर पहिल्या रविवारी बाईंनी दोघांना बायकांसकट बोलावलं. दुपार कलली होती, पण ऊन टळटळीत होतं. भाऊ आला, सहा फूट उंच. व्हरांड्यात शिरताना त्याची मान आपोआप लवली. मिस्त्री ऐकायला जरा पुढे सरकले.

भाऊ बाकावर बसला, पाय पसरले. जरा वेळाने म्हणाला, "ताई, समोरचं ऊन आत येत नाहीये."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "चार वाजले, सूर्य तोंडावर आहे, पण ऊन माझ्या पायाशी थांबतं. काल पाऊस झाला, फरशीची फक्त कड ओली. मी आत पळाले नाही की काही उचललं नाही. नकाशाप्रमाणे सात फूट ठेवलं असतं, तर हे जमलं नसतं. कुणाची कल्पना ही?"

सगळे सुताराकडे बघायला लागले. म्हणजे आपण ज्याचं नाक कापायला गेलो, त्याच्याच नाकात सोन्याची मुरणी घालून आलो. त्यांना आठवत होतं, कुठल्या दुपारी, कुठल्या विटेपाशी हे केलं, आणि ओरडून सांगावंसं वाटत होतं की हे माझं आहे, हे दोन थर माझे आहेत. पण कशासाठी केलं म्हणून सांगणार?

सुतार म्हणाला, "उंची भिंतीवर ठरते बाई. ती साडूभाऊंनी धरली. मी फक्त खांब त्या मापाला केले."

आता सगळे मिस्त्रींकडे बघायला लागले. मिस्त्रींच्या बायकोचा चेहरा असा उजळला की तसा त्यांनी लग्नानंतर दोनदाच पाहिला होता. ती एका बुटक्या स्टुलावर बसली होती.

"ते स्टूल बघितलंत?" बाई म्हणाल्या. "सुतारांनी उरलेल्या तुकड्यांतून केलं. आणखी दोन तुकडे दार अडवायला दिले."

मिस्त्रींनी बघितलं. स्टुलाचे चार पाय. दाराशी दोन तुकडे. खांब सहा, तुकडेही सहा. त्याच लाकडाचे, कडा तशाच गोल मारलेल्या. माप घ्यायची गरज नव्हती, सात इंच त्यांच्या डोळ्यांत बसलेले होते. म्हणजे खांब सात फुटांच्या हिशेबाने कापून, तासून, घासून आणले होते. टेप लावला त्याच क्षणी त्याला सगळं कळलं होतं. पाणी पिता पिता त्याने ठरवलं होतं, आणि सहाच्या सहा खांब पुन्हा कापले होते, एक अक्षर न बोलता.

आजवर मिस्त्रींना साडूच्या सफाईचा हेवा वाटला होता, गोड बोलण्याचा, सासूबाईंच्या मायेचा. ते सगळं परवडलं. पण चांगुलपणातही हाच वरचढ असावा, हे मात्र सहन होईना. भांडला असता तर बरोबरी तरी झाली असती.

"ठरलं तर," भाऊ म्हणाला. "मिस्त्री, माझं घर तुमच्या हाती. सुतार तुमच्या सांगण्याप्रमाणे करतील. व्हरांडा मात्र असाच."

हवं ते मिळालं होतं. सुताराने मान डोलावली, कुरकुर नाही की काही नाही. मिस्त्रींनी हो म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"ती कल्पनाबिल्पना काही नव्हती," ते म्हणाले. "याचा व्हरांडा बिघडावा म्हणून मी मुद्दाम दोन थर खाली काढले. माझं जळत होतं याच्यावर."

भाऊ खो खो हसला. बाई हसल्या. "काय तरी बोलता मिस्त्री," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "स्वतःचं कौतुक पचत नाही काही काही लोकांना." मेव्हणी तर हसता हसता नवऱ्याच्या खांद्यावर कलंडली.

सुतार हसला नाही. तो बाहेर शेताकडे बघत बसला.

आणि मिस्त्रींची बायको हसली नाही. तीस वर्षं मिस्त्रीच्या घरात काढलेली बाई, दोन थर म्हणजे किती हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने हात खाली नेऊन स्टुलाचा पाय चाचपला, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत वीत लावली, जेमतेम वीतभर भरला. मग तिच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला. ती उठली. स्टूल उचलून तिने नवऱ्याच्या पुढ्यात आणून ठेवलं.

"बसा," ती म्हणाली. "तुमच्याच मापाचं आहे."

मिस्त्री बसले. इतक्या खालून त्यांना समोर साडूचे गुडघे दिसत होते, आणि मान वर केल्याशिवाय त्याचं तोंड दिसत नव्हतं.