मोडीची किंमत

सकाळी सव्वासहाला ती उठली. गॅसवर चहाचे पाणी ठेवले आणि ते उकळेपर्यंत अंथरूण आवरायला घेतले. पलंग दुहेरी होता, म्हणून चादरही मोठी. एका माणसाला तिची घडी घालता येत नाही. तिने चादरीची दोन टोके कपाटाच्या दारात घातली, दार गुडघ्याने दाबून धरले, आणि उरलेली दोन टोके हातात घेऊन मागे सरकली. चादर ताणली गेली. मग पुढे येऊन तिने टोकाला टोक जुळवले. गेली सहा वर्षे ती असेच करत होती. एके काळी कपाटाच्या जागी नवरा उभा असे आणि मुद्दाम उलट्या बाजूने घडी घालून तिला चिडवत असे.

सात पन्नासला ती धुलाई-कारखान्यात पोहोचली. शहरातल्या चार इस्पितळांच्या चादरी इथे धुतल्या जात. ती तिथली हिशेबनीस. तिची खोली घडीघराला लागून होती, मध्ये काच. काचेपलीकडे तीन बाया दिवसभर चादरींच्या घड्या घालत. त्यांतली सर्वांत जुनी मावशी. नऊ वर्षे दुपारी एक वाजता मावशी आणि ती मागच्या दाराजवळच्या बाकावर बसून डबा खात. आठवड्यातले बहुतेक दिवस तिचे कामाव्यतिरिक्त बोलणे तेवढ्या अर्ध्या तासातच होई.

मालक आत आला तो हातात विक्रेत्याचे माहितीपत्रक घेऊनच. वय पस्तीस, वडिलांचा धंदा चालवणारा.

"बाई, हे घडीचं यंत्र. दहा लाख. तीन बायांचं काम एक बाई करील. मावशी आणि ती डावखुरी, दोघींचे पगार वाचले, वीज आणि देखभाल वजा केली, की वर्षाला दोन लाख ऐंशी हजार उरतात. पाच वर्षांत चौदा लाख. चार लाख निव्वळ फायदा. शेंबडं पोरही सांगेल घ्या म्हणून."

"शेंबडं पोर कर भरत नाही," ती म्हणाली.

तो हसला. "म्हणजे?"

"यंत्रामुळे विक्री एक पैशाने वाढत नाही. फक्त खर्च वाचतो. खर्च वाचला की नफा वाढतो, आणि वाढलेल्या नफ्यावर तीस टक्के कर. तुमच्या दोन ऐंशीतले हाती राहतात एक लाख शहाण्णव हजार."

"मग नकोच म्हणायचं का?"

"थांबा. घसारा आहे. यंत्राची किंमत दरवर्षी थोडी थोडी खर्चात टाकता येते. तो पैसा खिशातून जात नाही, पण तेवढा कर वाचतो. आणि पाच वर्षांनी यंत्र मोडीत विकलं की काही येईल. हे सगळं आजच्या किमतीत आणून बघावं लागेल. पाच वर्षांनी येणारा रुपया आजचा रुपया नाही."

"उद्या सकाळी द्या. तुम्ही सांगाल तसं."

मोडीची किंमत तिला ठाऊक नव्हती. जुनी यंत्रे घेणाऱ्या दलालाला तिने फोन लावला. "त्या कंपनीचं? पाच वर्षांनी लाख सहज," तो म्हणाला. "मी स्वतः गेल्या वर्षी दोन विकलीत. बिलं पाठवू?" त्याने पाठवली. एकाला एक लाख चार हजार आले होते, दुसऱ्याला अठ्ठ्याण्णव हजार.

मग तिने तक्ता मांडला. दहा लाखांतून लाख वजा, नऊ लाख पाच वर्षांत वाटले, घसारा वर्षाला एक लाख ऐंशी हजार. त्याने वाचणारा कर चोपन्न हजार. एक शहाण्णव आणि चोपन्न मिळून वर्षाला अडीच लाख. शेवटी मोडीचे लाख. घसारा जाऊन वहीत उरलेली किंमतही तेव्हा लाखच, म्हणून त्यावर कर नाही. सगळे वर्षाला दहा टक्के व्याज धरून आजच्या किमतीत आणले. बेरीज दहा लाखांहून जेमतेम दहा हजारांनी वर निघाली. घ्यावे.

तिने काचेतून पाहिले. मावशीने चादरीचे टोक झटकले, डावखुरीने ते झेलले.

तिने मोडीच्या चौकटीत लाखाऐवजी शून्य टाकले. घसारा थोडा वाढला, पण एकूण बेरीज दहा लाखांना तीस हजारांनी कमी पडली. घेऊ नये. सावध अंदाज म्हणून शून्य धरणारे पुष्कळ असतात. मालक विचारणारही नव्हता. तिने तो कागद छापला आणि दुमडून डब्याच्या पिशवीत ठेवला.

बाकावर मावशीने डबा उघडण्याआधीच विचारले, "काय गं, आमचं काय ठरलं?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मालक ते पत्रक घडीघरात विसरला होता. चित्रातली बाई हसत होती. आमच्यातलं कोणी घडी घालताना हसलेलं मी तरी पाहिलं नाही."

तिने सांगितले. लपवण्यासारखे काही उरले नव्हते. मोडीचे लाख धरले तर यंत्र येते, शून्य धरले तर येत नाही.

"आणि खरं किती?"

"लाख."

मावशीने डबा उघडला. "बावीस वर्षं झाली मला इथे. मला विकायला काढलं तर दलाल लाख देईल का?" ती स्वतःच हसली, मग हसू थांबवून म्हणाली, "शून्यच धर ना गं. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय, मावशी."

"तुला कळून काय होतं? तुझं पोट भरलेलं आहे."

मावशी काही चुकीचे बोलली नव्हती. तिने पिशवीतला कागद चाचपला. तो दिला तर उद्याही एक वाजता मावशी इथे असेल, परवाही. आणि रोज दोघींच्या मधे बाकावर ते शून्य बसलेले असेल. तिने डब्याचे झाकण लावले.

दुपारी तिने तो कागद फाडला. नवा तक्ता केला, मोडीची किंमत एक लाख, सोबत दलालाची दोन्ही बिले. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिले: "फायदा अगदी थोडा आहे. मोडीची किंमत पंच्याहत्तर हजारांच्या खाली गेली तर तोटा. आकडा यंत्राच्या बाजूने आहे. निर्णय आपला."

सकाळी मालकाने तो दोनदा वाचला. "दहाच हजार?"

"दहाच."

"पण वरच आहे ना?"

"वर आहे."

त्याने खिडकीबाहेर पाहिले. "बाया सुट्ट्या घेतात, आजारी पडतात. ते यात कुठे मांडता येतं? घेऊन टाकू." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मावशींना तुम्ही सांगाल?"

"त्यांना माहीत आहे," ती म्हणाली.

यंत्र यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मावशी एक वाजता डावखुरीबरोबर घडीघरातच जेवली. शेवटच्या दिवशी ती हिशेब घ्यायला आली, तेव्हा तिने एकेक आकडा बोटाने वाचला आणि सही केली. "बरोबर आहे," म्हणाली. "तुझं चुकत नाही कधी." दारात थांबली, वळली नाही, गेली.

दुसऱ्या दिवशी हिशेबनीस बाईने मालमत्तेची वही काढली. घडीचे यंत्र, नग एक. किंमत दहा लाख. आयुष्य पाच वर्षे. मोडीची किंमत एक लाख. शाई वाळेपर्यंत ती थांबली. काचेपलीकडे यंत्राच्या तोंडात एकटी बाई चादर सरकवत होती आणि दुसऱ्या बाजूने चौकोनी घडी बाहेर पडत होती. एक वाजला. तिने वही मिटली, डबा घेतला, आणि बाकाच्या आपल्या टोकाला जाऊन बसली.