टेकडीवर कुणीच का मेलं नाही?

टेकडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. खाली गावात प्लेगने रोज सात-आठ प्रेतं उठत होती आणि वर राखबाबाच्या तंबूंत तीनशे माणसांपैकी एकालाही गाठ आली नव्हती.

"माझ्या राखेला प्लेग टरकतो!" बाबा गरजत होता. "उंबऱ्यावर रेघ ओढा आणि खुशाल घरी नांदा!"

माझी ताई राखेची पुडी घेऊन घरी निघालीच. तिचं घर म्हणजे धान्याचं दुकान आणि त्यावरची खोली. पदरात दोन पोरी.

"ताई, जाऊ नकोस गं."

"तू गप रे! मागच्या साथीत शिपायांनी दार फोडून तुझ्या भावजींना नेलं, शेवटचं तोंडही पाहू दिलं नाही. बाबाने निदान पोरी माझ्याजवळ ठेवल्या."

दारं फुटली म्हणून लोक आजारी माणसं माळ्यावर लपवू लागले, मेलेले उंदीर गुपचूप गटारात टाकू लागले. साथ कुठे पसरतेय हे सरकारला कळेना. बाबाचं आयतंच फावलं.

टेकडीवर आलेल्या दवाखान्यातल्या नर्सबाई मात्र ताईशी वाद घालत बसल्या नाहीत. "चला, तुमच्या घरात आधी मी जाते," म्हणाल्या. अर्धी टेकडी मागोमाग उतरली, बाबाही आला. नर्सबाईंनी ताईच्याच पुडीतली राख उंबऱ्यावर ओढली, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे चढवले आणि बंद दुकानात शिरल्या. शंभर आकडे मोजून होतात तोच बाहेर आल्या. मोज्यांवर काळे ठिपके होते आणि ते उड्या मारत होते.

"पिसवा!" कुणीतरी किंचाळलं.

मोजे रॉकेलच्या बादलीत बुडवत त्या म्हणाल्या, "पोत्यांमागे उंदीर मरून पडलाय. रोग आधी उंदराला होतो. तो मेला, गार पडला, की उपाशी पिसवा माणसाला चावतात, मग काखेत, जांघेत गाठ येते. टेकडीवर धान्य नाही, म्हणून उंदीर नाहीत, म्हणून या पिसवाही नाहीत. तुम्ही वाचलात ते घर सोडल्यामुळे."

"पापी पायांनाच डसतात त्या!" बाबा ओरडला.

"मग तुमचे पुण्यवान पाय घेऊन या ना आत," ताई म्हणाली.

बाबा दोन पावलं मागे सरकला. एवढं पुरे झालं.

ताई पोरींना घेऊन टेकडीवर परतली. पुढे लोक आपणहून मेलेल्या उंदरांची खबर देऊ लागले, कारण नर्सबाईंनी सरकारी साहेबाशी भांडून एक गोष्ट मिळवली होती: दार फोडायचं नाही, आणि रोग्याजवळ घरचं एक माणूस राहू द्यायचं. मग पोती हलली, बिळं बुजली, कौलं काढून घरात ऊन घेतलं.

पण शेजारचा हमाल नर्सबाई दुकानात शिरल्या त्याच्या आदल्याच दिवशी राख घेऊन घरी गेला होता. आठवड्यात त्या घरातली चार माणसं गेली. उरलेली सहा वर्षांची मुलगी आता ताईकडे असते आणि दार वाजलं की शिपाई आले असं वाटून पलंगाखाली लपते.

लोकहो, चमत्कारापुढे हात जोडण्याआधी एवढंच विचारा: वाचले ते नेमके कशाने वाचले? आणि दार फोडणाऱ्यांनीही विचारावं: लोक आपल्यापासून लपतात का?